रिलेचे पॉइंट चिकटणे आणि जळणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिव्यांच्या किंवा मोटरच्या लोडवर रिलेचे पॉइंट चिकटले की बहुतेक जण रिलेला नावे ठेवतात, त्याच मापाचा नवा रिले आणतात आणि काही महिन्यांनी पुन्हा त्याच जागी येऊन उभे राहतात. पॉइंटची हानी दोन वेगळ्या क्षणी होते. एक क्षण पॉइंट मिटण्याचा आणि दुसरा उघडण्याचा. या दोन क्षणांची कारणे वेगळी आहेत, खुणा वेगळ्या आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. पुढील बहुतेक उत्तरे मुलुंडमधील एका सोसायटीच्या जिन्यातील दिव्यांभोवती फिरतात, कारण तेथील एकाच रिलेवर दोन्ही प्रकारच्या जखमा पाहायला मिळाल्या.

लोड कमी केल्यानंतर रिले चिकटू लागला, हे कसे शक्य आहे?

सात मजल्यांच्या त्या इमारतीत जिना, पॅसेज आणि कंपाउंड मिळून ३० ट्यूबलाइट एका टायमरवर होत्या. टायमरमधील रिलेवर १६ अँपिअर, २५० व्होल्ट एसी असे छापलेले होते. तांब्याच्या चोकवर चालणारी ४० वॅटची जुनी ट्यूब सुमारे ०.४३ अँपिअर घेते, म्हणजे एकूण प्रवाह १३ अँपिअरच्या आसपास होता आणि रिले अनेक वर्षे विनातक्रार चालला. नंतर सोसायटीने सर्व जागी २० वॅटच्या एलईडी ट्यूब बसवल्या. चौथ्या महिन्यात भर दुपारी जिन्यातले दिवे जळत असल्याचे वॉचमनच्या लक्षात आले. वायरमनने टायमर बदलला, तर नवा टायमर सहा आठवड्यांतच चिकटला. "साहेब, लोड तर एक तृतीयांशावर आणला, मग पॉइंट का चिकटतोय?" हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता.

उत्तर चोकमध्ये आहे. चोक हे मुळात प्रवाहाला अटकाव करणारे वेटोळे असल्यामुळे जुन्या ट्यूबचा प्रवाह रिले मिटताक्षणी उसळू शकत नव्हता. स्टार्टरच्या तापवण्याच्या काळातही तो नेहमीच्या प्रवाहाच्या दीडपटीच्या आसपासच राहत असे. एलईडी ट्यूब बसवताना हा चोक काढून टाकला गेला आणि त्याच्या जागी ड्रायव्हर आला. स्वस्त ड्रायव्हरच्या तोंडाशी ब्रिज रेक्टिफायर आणि त्यामागे एक रिकामा कपॅसिटर असतो. रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी जवळजवळ शॉर्टसर्किटसारखा वागतो. चालू लोड घटला, पण मिटण्याच्या क्षणाचा लोड कित्येक पटींनी वाढला, आणि पॉइंट चिकटतो तो मिटण्याच्या क्षणी.

हा सुरुवातीचा प्रवाह साधारण किती असतो?

हिशेब कागदावर करता येतो. त्या ट्यूबचा पॉवर फॅक्टर ०.६ धरला, तर ६०० वॅटसाठी चालू प्रवाह सुमारे ४.३ अँपिअर येतो. प्रत्येक ड्रायव्हरमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता, म्हणजे ३० ट्यूब मिळून ३०० मायक्रोफॅरड. मार्गातील वायरिंगचा रोध ०.७ ओहम, आणि प्रत्येक ड्रायव्हरमधील १० ओहमचा फ्युजिबल रेझिस्टर ३० ठिकाणी समांतर धरल्यावर ०.३३ ओहम, असा मिळून साधारण १ ओहम. रिले सायनवेव्हच्या शिखरावर मिटला, तर व्होल्टेज २३० नव्हे, ३२५ असते.

```
I  = 325 V / 1 ohm = 325 A
t  = R x C = 1 ohm x 300 uF = 0.3 ms
```

वायरिंगच्या इंडक्टन्समुळे प्रत्यक्ष शिखर या आकड्याच्या खाली राहते, शिवाय रिले दर वेळी शिखरावरच मिटेल असेही नाही. तरीही ४.३ अँपिअरच्या लोडसाठी शेकडो अँपिअरचा ठोका हीच कल्पना मनात ठेवून रिले निवडावा लागतो.

साध्या टंगस्टन फिलामेंटच्या बल्बचे गणित वेगळे आहे. थंड फिलामेंटचा रोध तापलेल्या फिलामेंटच्या दहाव्या ते पंधराव्या हिश्शाइतका असतो, त्यामुळे सुरुवातीचा प्रवाह दहा ते पंधरा पट चढतो आणि फिलामेंट तापेपर्यंत काही मिलिसेकंद टिकतो. एलईडीचा ठोका उंच पण निमुळता असतो, बल्बचा ठेंगणा पण रुंद.

एवढ्याशा वेळात पॉइंट वितळतो कसा?

दोन पॉइंट वरून सपाट दिसत असले, तरी पहिल्या स्पर्शात ते फक्त एकदोन सूक्ष्म उंचवट्यांवर टेकतात. सगळा प्रवाह त्या बिंदूतून जातो. चांदीच्या पॉइंटबाबत एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे: स्पर्शबिंदूवर सुमारे ०.३७ व्होल्ट पडले की तेथील चांदी वितळण्याच्या तापमानाला पोहोचते. ४.३ अँपिअरला एवढे व्होल्टेज पडण्यासाठी स्पर्शाचा रोध ८६ मिलिओहम असावा लागेल आणि धडधाकट रिलेत तो इतका नसतो. पण ३०० अँपिअरला १.२ मिलिओहम रोधही पुरतो, आणि पट्टीचा दाब अजून पुरता बसलेला नसताना स्पर्शाचा रोध याहून अधिकच असतो. म्हणजे बिंदू वितळणार हे ठरलेलेच आहे. तो किती मोठा वितळतो आणि थिजल्यावर स्प्रिंगला तोडता येतो की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

मिटताना पॉइंट एकदा आपटून थांबत नाहीत. लहान रिलेत ते एक ते पाच मिलिसेकंद उसळत राहतात. एलईडीचा ठोका बहुतांशी पहिल्या स्पर्शातच संपतो, तर मोटरचा वाढीव प्रवाह या सगळ्या उसळ्यांमधून चालूच राहतो. प्रत्येक उसळीला लहानसा आर्क होतो, पृष्ठभाग वितळतो आणि पुढच्या क्षणी दोन ओले पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात. वेल्डिंगची कांडी चिकटते ती याच रीतीने.

क्लॅम्प मीटरवर काही दिसत नाही आणि एमसीबीही पडत नाही. मग इनरश, म्हणजे मिटतानाचा हा सुरुवातीचा ठोका, आहे असे कशावरून म्हणायचे?

क्लॅम्प मीटरवरची इनरशची सोय मोटरसाठी केलेली असते. असे मीटर साधारण १०० मिलिसेकंदांच्या खिडकीतील सरासरी दाखवते, आणि त्यात ०.३ मिलिसेकंदाचा ठोका बुडून जातो. तो पाहायचा तर ऑसिलोस्कोप आणि योग्य करंट प्रोब लागतो, तोही दहाबारा वेळा चालू-बंद करून, कारण शिखरावर मिटण्याचा योग दर वेळी येत नाही. एमसीबीच्या चुंबकी भागालाही हालण्यासाठी काही वेळ लागतो, म्हणून तो न पडणे हा इनरश नसल्याचा पुरावा ठरत नाही.

उपकरणे नसतील तर एक साधा हिशेब पुष्कळ सांगतो. अशा रिलेचे विद्युत आयुष्य पूर्ण रोधक लोडवर साधारण १ लाख वेळा चालू-बंद इतके दिलेले असते. जिन्यातला टायमर दिवसातून एकदाच दिवे लावतो. चार महिन्यांत रिले १२० वेळा मिटला, आणि दुसरा टायमर तर जेमतेम ४२ वेळा. इतक्या थोड्या वेळांत झीज होऊन पॉइंट संपणे शक्य नाही. रिले थोड्या फेऱ्यांत चिकटला असेल, तर संशय झिजेवर न घेता मिटण्याच्या क्षणावर घ्यावा.

रिले फोडून पाहिल्यावर खुणा कशा वाचायच्या?

झाकण कापून पॉइंट भिंगाखाली धरावेत. मिटताना झालेले वेल्ड एका ठिकाणी एकवटलेले असते: टाचणीच्या डोक्याहून लहान, चकचकीत, थिजलेल्या थेंबासारखा उंचवटा, आणि तो ओढून तोडला असेल तर टोकाशी फाटल्याची खडबडीत कड. आजूबाजूचा पॉइंट बराच स्वच्छ असतो. उघडताना झालेली हानी पसरट असते. त्यात निस्तेज, भरड, खड्डेखड्डे पडलेला पृष्ठभाग दिसतो, कडेला काळपट काजळी असते आणि झाकणाच्या आतल्या बाजूला करडा थर चढलेला असतो.

मुलुंडच्या पहिल्या रिलेत दोन्ही खुणा होत्या. चोकचा लोड वर्षानुवर्षे उघडताना झालेल्या आर्कने संपूर्ण पॉइंट खरबरीत झाला होता आणि त्याच्या मधोमध एलईडीचा ताजा चकचकीत थेंब होता. दुसऱ्या टायमरचा रिले मात्र कोरा होता. त्यात काजळी नव्हती, खड्डे नव्हते, केवळ तो एक थेंब होता. जुनी झीज हे चिकटण्याचे मूळ कारण नव्हते, हे त्या दुसऱ्या रिलेने सिद्ध केले.

प्लॅस्टिक तपकिरी झाले असेल आणि टर्मिनल निळसर पडले असेल, तर प्रथम सैल स्क्रू तपासावा. तो दोष पॉइंटचा नसतो.

स्नबर लावला तर चिकटणे थांबेल का?

नाही, आणि हा गैरसमज बाजारात फार खोल रुजलेला आहे. रेझिस्टर आणि कपॅसिटरचा स्नबर पॉइंट उघडताना उपयोगी पडतो. इंडक्टिव्ह लोडमधील ऊर्जा त्यात वळते, व्होल्टेज सावकाश चढते आणि पॉइंटमधील अंतर वाढण्यास अवधी मिळून आर्क लवकर विझतो. मिटण्याच्या क्षणी त्याला इनरश रोखण्याचे काही काम नसते. उलट, रेझिस्टर न लावता नुसता कपॅसिटर पॉइंटवर टाकला, तर भरलेला कपॅसिटर मिटणाऱ्या पॉइंटमधूनच रिकामा होतो आणि चिकटण्याचे नवे कारण हाताने जोडले जाते. १०० ओहमचा रेझिस्टर असेल तर हा प्रवाह ३.२५ अँपिअरच्या वर जात नाही.

मुलुंडच्या वायरमनने ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहमचा स्नबर पॉइंटवर लावून पाहिला होता. चिकटणे थांबले नाही, पण टायमर बंद असतानाही रात्री काही ट्यूब मिणमिणू लागल्या. ५० हर्ट्झला त्या कपॅसिटरमधून सुमारे ७ मिलिअँपिअर प्रवाह सतत झिरपतो, आणि एलईडी ड्रायव्हरचा कपॅसिटर हळूहळू भरून क्षणभर लुकलुकण्यास तो पुरतो. स्नबर वापरायचाच असेल तर कपॅसिटर एक्स-२ वर्गाचा, २७५ व्होल्ट एसीचा असावा. साधा पॉलिएस्टर कपॅसिटर मेन्सवर टाकू नये.

२७५ व्होल्टचा एमओव्ही हाही अर्धाच उपाय आहे. तो साधारण ४३० व्होल्टच्या पुढे वाहू लागतो, तर आर्क त्याहून कितीतरी कमी व्होल्टेजवर तग धरतो. एमओव्हीमुळे शेजारच्या इलेक्ट्रॉनिक्सचे आणि इन्सुलेशनचे रक्षण होते. पॉइंटचे खड्डे टाळण्यात त्याचा वाटा थोडाच आहे.

मग त्या सोसायटीत शेवटी काय केले?

टायमरच्या रिलेवरून दिव्यांचा लोड काढून घेतला आणि त्याच्याकडे केवळ इतर रिलेंच्या कॉइल चालवण्याचे काम ठेवले. ३० ट्यूबचे दहा-दहाचे तीन गट केले. दहा ट्यूबमध्ये ड्रायव्हरचे रेझिस्टर मिळून १ ओहम उरतात, वायरिंगचे ०.७ धरून एकूण १.७ ओहम होतात, आणि कागदावरचे शिखर १९१ अँपिअरवर येते. पॉइंट वितळवणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गावर आणि वेळेवर अवलंबून असते. त्या मापाने पाहिले तर प्रत्येक रिलेवरचा भार पूर्वीच्या सुमारे पाचव्या हिश्शावर आला.

प्रत्येक गटाला टंगस्टनचा आगाऊ पॉइंट असलेला रिले दिला. अशा रिलेत टंगस्टनचा पॉइंट आधी मिटून इनरश झेलतो आणि लगेच मागाहून चांदीच्या मिश्रधातूचा पॉइंट मिटून चालू प्रवाह वाहतो. यांच्या डेटाशीटमध्ये २० मिलिसेकंदांसाठी १६५ अँपिअर आणि २०० मायक्रोसेकंदांसाठी ८०० अँपिअर असे दोन आकडे आढळतात, आणि एलईडीच्या लोडसाठी दुसरा आकडा पाहायचा असतो. लॅमिंग्टन रोडवर रिले मागताना "१६ अँपिअरचा द्या" म्हटले तर समोर साधा रिलेच येतो. इनरशचा आकडा मागावा आणि डेटाशीटवर तो दिसत नसेल तर रिले परत ठेवावा. टंगस्टनवाला मिळाला नाही, तर निदान पॉइंट सिल्व्हर टिन ऑक्साइडचे असावेत. चिकटण्याला ते सिल्व्हर निकेलपेक्षा बरेच अधिक तोंड देतात.

मार्गात एनटीसी, म्हणजे तापल्यावर रोध घटणारा थर्मिस्टर, घालण्याचाही विचार झाला होता. ५ ओहमच्या एनटीसीने शिखर ५५ अँपिअरच्या आत आले असते. पण वीज क्षणभर जाऊन परत आली तर तापलेल्या एनटीसीचा रोध अजून खालीच असतो आणि नेमक्या त्या वेळी तो कामाला येत नाही, म्हणून तो बेत सोडला.

शून्य व्होल्टेजवर रिले मिटवला तर?

कपॅसिटरच्या लोडला हा उत्तम उपाय आहे. वरच्या ३०० मायक्रोफॅरडसाठी व्होल्टेज शून्यापासून सायनवेव्हबरोबर चढले, तर प्रवाहाचे शिखर ३१ अँपिअरच्या आसपासच राहते. त्यासाठी रिलेला मिटायला लागणारा वेळ मोजून तेवढी आगाऊ आज्ञा द्यावी लागते, आणि हा वेळ तापमान व वयाप्रमाणे सरकतो. ट्रान्सफॉर्मरला मात्र शून्यावर जोडणे सर्वांत वाईट, कारण त्याचा गाभा तेव्हाच संपृक्त होतो.

पाण्याच्या पंपाचा रिले का जळतो?

मुंबईतील बहुतेक इमारतींत पालिकेचे पाणी ठरावीक वेळेत खालच्या टाकीत येते आणि तेथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते. लेव्हल कंट्रोलरमधील १० अँपिअरचा छोटा चौकोनी रिले १ एचपीच्या पंपाला थेट जोडलेला अनेक ठिकाणी दिसतो. पंप चालताना ६-७ अँपिअर घेतो, त्यामुळे हे जुळल्यासारखे वाटते. पण १० अँपिअर हा आकडा रोधक लोडचा आहे. सुरू होताना मोटर पाच ते सात पट, म्हणजे ३५-४० अँपिअर खेचते आणि ते अर्धा-एक सेकंद चालते. त्याच रिलेच्या डेटाशीटमध्ये मोटरचे रेटिंग वेगळे दिलेले असते आणि ते पुष्कळदा अर्ध्या एचपीच्याही खाली असते.

त्याहून घातक गोष्ट म्हणजे रिलेचा थरथराट. पंप सुरू होताच व्होल्टेज दबते, कंट्रोलरचा १२ व्होल्टचा पुरवठा कोसळतो, रिले सुटतो, व्होल्टेज परत येते आणि रिले पुन्हा ओढला जातो. कान दिला तर "टर्रर्र" असा आवाज ऐकू येतो आणि पंपघरातील दिवा त्याच तालात मंदावतो. पाण्याच्या लाटांवर डोलणारा फ्लोट स्विचही हेच करतो. या अवस्थेत रिले चालती मोटर तोडत नसून सुरू होणारी मोटर, पूर्ण ४० अँपिअरला, पुन्हा पुन्हा तोडत आणि जोडत असतो. कॉन्टॅक्टरच्या भाषेत चालती मोटर तोडणे हा एसी-३ वर्ग आणि सुरू होताना तोडणे हा एसी-४ वर्ग. एसी-३ साठी योग्य असलेला कॉन्टॅक्टरही एसी-४ च्या कामात फार लवकर संपतो.

म्हणून पंपाला एसी-३ रेटिंगचा कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड रिले द्यावा, छोट्या रिलेकडे केवळ कॉन्टॅक्टरची कॉइल सोपवावी, आणि फ्लोट हलल्यावर काही सेकंद थांबून निर्णय घेणारा विलंब कंट्रोलरमध्ये ठेवावा. कॉन्टॅक्टरची कॉइल हाही इंडक्टिव्ह लोड आहे. तिच्यावर स्नबर नसेल, तर छोट्या रिलेचे पॉइंट उघडताना खड्डे पडू लागतात. स्नबरची खरी जागा येथे आहे.

रिलेच्या कॉइलवरील डायोडमुळे पॉइंटचे नुकसान होते का?

होऊ शकते. डीसी कॉइलवर उलटा लावलेला डायोड ट्रान्झिस्टरला वाचवतो, पण कॉइलमधील प्रवाह त्यातून फिरत राहिल्यामुळे रिले उशिरा आणि सावकाश सुटतो. पॉइंट हळू उघडले की आर्क अधिक वेळ टिकतो, आणि किंचित चिकटलेला पॉइंट झटक्याने तोडण्याचे बळही कमी पडते. डायोडबरोबर २४ व्होल्टचा झेनर मालिकेत लावला तर प्रवाह लवकर ओसरतो. १२ व्होल्टच्या कॉइलसाठी ट्रान्झिस्टरवर सुमारे ३७ व्होल्ट येतात, आणि ४५ व्होल्ट सोसणारा बीसी ५४७ ते सहन करतो, अर्थात कॉइलचा प्रवाह त्याच्या मर्यादेत असेल तर.

डीसी लोडवर एका पॉइंटला टोक आणि दुसऱ्याला खळगा का पडतो?

डीसीत प्रवाहाची दिशा कायम असल्यामुळे धातू नेहमी एकाच बाजूने दुसऱ्या बाजूला जातो आणि शेवटी टोक खळग्यात अडकून बसते. एसीत हे सहसा घडत नाही, पण चालू-बंद करणारी आज्ञा नकळत मेन्सच्या लयीशी जुळलेली असेल तर एसीवरही हीच खूण दिसते. डीसी लोडवर डायोड लोडच्या दोन टोकांना लावावा.

पॉइंट पॉलिश पेपरने घासून वापरता येतात का?

घासू नयेत. मिश्रधातूचा थर पातळ असतो, घासल्याने त्याचा आकार जातो आणि नवे टोकदार उंचवटे तयार होतात.

पावसाळ्यातील दमट हवेमुळे पॉइंट चिकटतात का?

दमट, खारट हवेने टर्मिनल गंजतात आणि चांदीवर काळा थर चढून स्पर्शाचा रोध वाढतो. त्यातून रिले लागत नाही, किंवा तापतो. पॉइंट वितळून चिकटणे मात्र हवेमुळे घडत नाही.

चिकटलेला रिले टिचकी मारल्यावर सुटला. तो चालू ठेवावा का?

टिचकीने सुटणारे वेल्ड लहान असते, पण ते तुटल्यावर मागे राहिलेला उंचवटा हाच पुढच्या वेळचा पहिला स्पर्शबिंदू बनतो आणि सगळा ठोका पुन्हा त्याच्यावरच येतो. मुलुंडचा दुसरा टायमर वायरमनने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून सोडवला होता. तो त्यानंतर नऊ दिवस चालला आणि दहाव्या दिवशी असा चिकटला, की चिमट्याने ओढल्यावर पॉइंट न सुटता पट्टीच वाकली.